विश्लेषण : नॉमिनी रक्कम उचलू शकतो, पण ती त्याचीच होते का?

बँकेच्या खात्यांना आता चार नॉमिनी लावता येतात आणि प्रत्येकाच्या नावापुढे टक्केवारीही लिहिता येते. ही सोय १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि ती चांगलीच आहे. पण टक्केवारीचा रकाना पाहून अनेकांना वाटते, की आपण इथेच पैशांची वाटणी करून टाकली, आता मृत्युपत्र कशाला? हा समज चुकीचा आहे. नॉमिनी नेमके काय मागू शकतो आणि काय मागू शकत नाही, हे फॉर्मवर सही करण्याआधी माहीत असायला हवे. बँकेतील ठेवीला एक नियम आहे आणि विम्याला थोडा वेगळा. दोन्हींची गल्लत झाली की भांडण घरात येते.

पावसमधले एक उदाहरण

समजा, रत्नागिरी तालुक्यातील पावस येथील एका आंबा बागायतदाराचे ५२ व्या वर्षी अचानक निधन झाले. मागे पत्नी, मुलगा, मुंबईत सासरी असलेली मुलगी आणि वृद्ध आई. वडील आधीच गेलेले. धाकटा भाऊ शेजारच्याच घरात राहतो. मृत्युपत्र केलेले नाही.

बँकेत आठ लाखांची मुदत ठेव आहे. तिला नॉमिनी आहे तो धाकटा भाऊ. कारण साधे आहे. ठेव ठेवली त्या दिवशी रत्नागिरीला बँकेत तोच बरोबर होता, त्याचे आधार कार्ड खिशात होते आणि काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने ‘नॉमिनीचे नाव सांगा’ म्हटल्यावर त्याचेच नाव पुढे झाले. दुसरीकडे दहा लाखांची आयुर्विमा पॉलिसी आहे. ती लग्नाआधी काढलेली. तिच्यात नॉमिनी आहे आई. लग्न झाले, मुले झाली, पण नॉमिनी बदलायचे राहून गेले.

हे उदाहरण काल्पनिक आहे, पण अशी घरे कोकणात शोधावी लागत नाहीत. तेराव्यानंतर पासबुक आणि पॉलिसीचे कागद बाहेर निघतात आणि प्रश्न उभा राहतो. आठ लाख भावाचे का? दहा लाख आईचे का? आणि पत्नीच्या, मुलांच्या वाट्याला काय?

बँकेत नॉमिनीचा हक्क कोणता?

मुदत ठेवीच्या बाबतीत भावाला एक ठाम हक्क आहे. ठेवीची रक्कम बँकेकडून मागण्याचा हक्क त्याचा आणि फक्त त्याचाच. बँकिंग नियमन कायद्यातील ४५झेडए हे कलम तसे सांगते. त्याने दावा अर्ज, मृत्यू दाखला आणि स्वतःचा ओळखीचा पुरावा दिला, की बँकेने त्याला रक्कम द्यायची. वारस दाखला आणा, वहिनीची संमती आणा, हमीपत्र द्या, जामीनदार आणा, असे बँकेने त्याला सांगायचे नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये मृत खातेदारांच्या दाव्यांबाबत नवे निर्देश काढले. त्यांनुसार सर्व कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचा आहे आणि बँकेमुळे उशीर झाला तर भरपाई द्यायची आहे.

म्हणजे पत्नीने शाखेत जाऊन ‘पैसे माझे आहेत, दिराला देऊ नका’ असा साधा अर्ज दिला, तरी बँक तेवढ्यावर थांबायला बांधील नाही. बँकेला थांबवतो तो न्यायालयाचा मनाई हुकूम. तो नसेल तर बँक नॉमिनीला पैसे देते आणि तिथे तिची जबाबदारी संपते. उद्या पत्नीने बँकेवर दावा लावला, तरी बँक ‘आम्ही कायद्याप्रमाणे नॉमिनीला रक्कम दिली’ असे म्हणून सुटते.

इथपर्यंत ऐकले की भावाला वाटते, पैसे आपले झाले. पण त्याच कलमात पुढे आणखी एक वाक्य आहे आणि ते कोणी वाचत नाही. ज्याला रक्कम दिली गेली त्याच्याविरुद्ध कोणाचा काही हक्क किंवा दावा असेल, तर त्यावर या कलमाचा परिणाम होत नाही, असे ते सांगते. साध्या भाषेत, बँक सुटली, नॉमिनी सुटला नाही. सर्वोच्च न्यायालयाने रामचंदर तलवार खटल्यात २०१० मध्ये हेच स्पष्ट केले. नॉमिनीला रक्कम स्वीकारण्याचा अधिकार मिळतो, मालकी मिळत नाही. मालकी कोणाची, हे वारसा कायदा ठरवतो.

मग आठ लाख कोणाचे?

मृत्युपत्र नसल्याने हिंदू वारसा कायदा लागू होईल. त्या कायद्यात पुरुषाच्या मागे पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस आहेत आणि त्यांचे हिस्से समान आहेत. मुलगी लग्न होऊन मुंबईला गेली म्हणून तिचा हिस्सा कमी होत नाही. पहिल्या वर्गातले वारस हयात असताना भावाचा क्रमांकच लागत नाही.

म्हणून आठ लाखांचे चार भाग. पत्नीला दोन लाख, मुलाला दोन लाख, मुलीला दोन लाख, आईला दोन लाख. नॉमिनी असलेल्या भावाला शून्य. त्याने रक्कम उचलायची ती या चौघांसाठी, विश्वस्त म्हणून. त्याने ती दिली नाही, तर चौघांपैकी कोणीही त्याच्यावर दिवाणी दावा करू शकतो.

ही गणना हिंदू कुटुंबाची आहे. मुस्लिम किंवा ख्रिस्ती कुटुंबात हिस्से वेगळे पडतील. नॉमिनीचे स्थान मात्र तेच राहील.

एक प्रश्न हमखास येतो. खाते दोघांच्या नावावर, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या पद्धतीचे असेल तर? तेव्हा एकाच्या मृत्यूनंतर रक्कम हयात खातेदाराच्या हाती जाते. नॉमिनीचा प्रश्न सगळे खातेदार गेल्यावरच येतो. आणखी एक गोष्ट. खातेदार हयात असताना नॉमिनीला खात्यावर कोणताच अधिकार नसतो. शिल्लक विचारण्याचाही नाही. आणि खातेदार गेल्यावर त्याचे एटीएम कार्ड वापरून ‘क्रियाकर्माच्या खर्चाला’ पैसे काढणे नॉमिनीनेही करू नये. दावा अर्जाचा रस्ता त्यासाठीच आहे. नंतर हिशेब मागितला गेला, की मृत्यूच्या तारखेनंतरची प्रत्येक नोंद समोर येते.

साळगावकर प्रकरणात काय ठरले?

हा विषय मराठी घरांना जवळून कळावा असे एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मूळचे मालवणचे आणि ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांचे २० ऑगस्ट २०१३ रोजी निधन झाले. त्यांनी जून २०११ मध्ये मृत्युपत्र केले होते. त्याशिवाय काही मुदत ठेवी आणि म्युच्युअल फंडांतील गुंतवणूक होती आणि तिला नॉमिनी नेमलेले होते. प्रश्न असा आला, की नॉमिनी त्या गुंतवणुकीचे पूर्ण मालक झाले, की ती मालमत्ता इतर मालमत्तेबरोबर वारसांमध्ये जाईल?

या प्रश्नावर गोंधळ होता तो मुंबई उच्च न्यायालयाच्याच एका जुन्या निकालामुळे. २०१० मध्ये कोकाटे प्रकरणात एकसदस्य पीठाने म्हटले होते, की कंपनीच्या शेअरचा नॉमिनी हा मालकच होतो. साळगावकर प्रकरणात उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१६ मध्ये ते मत अमान्य केले. १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचे म्हणणे कायम केले. न्यायालयाच्या तर्काचा गाभा सोपा आहे. माणसाच्या मागे मालमत्ता जाण्याचे दोन रस्ते आहेत, मृत्युपत्र किंवा वारसा कायदा. नामनिर्देशन हा तिसरा रस्ता नाही. मृत्यूनंतर कंपनीला किंवा फंडाला कोणाशी व्यवहार करायचा ते कळावे, एवढ्यासाठी ती सोय आहे.

हा तर्क पटण्यासारखा आहे. मृत्युपत्रावर करणाऱ्याची सही लागते आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. करणारा शुद्धीत होता का, दबाव होता का, हे त्या साक्षीदारांना पुढे विचारता येते. बँकेच्या नॉमिनेशन फॉर्मवर सही करणाऱ्या खातेदाराला साक्षीदार लागत नाही. अंगठा असेल तरच लागतो. एवढ्या सहज भरलेल्या फॉर्मने पत्नी-मुलांचा हक्क जाणार असेल, तर पावसच्या त्या बागायतदाराने आठ लाख भावाला दिले असे म्हणावे लागेल. प्रत्यक्षात त्याने फक्त काउंटरवरच्या प्रश्नाला उत्तर दिले होते.

विम्यात वेगळे काय?

आता दहा लाखांची पॉलिसी. विम्यातही जुना नियम बँकेसारखाच होता. सरबतीदेवी विरुद्ध उषादेवी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये निकाल दिला. त्यातही पतीने पॉलिसीवर पत्नीला नॉमिनी केले होते आणि मागे पत्नी, मुलगा व आई होती. न्यायालयाने सांगितले, की पत्नीला रक्कम स्वीकारता येईल, पण ती पतीच्या मालमत्तेचा भाग आहे आणि तिघांनाही तिच्यात वाटा आहे.

त्यानंतर २०१५ च्या दुरुस्तीने विमा कायद्याचे ३९ वे कलम बदलले. पॉलिसीधारकाने आपले आई-वडील, पती किंवा पत्नी, अथवा मुले यांपैकी कोणाला नॉमिनी केले असेल, तर ते त्या रकमेचे ‘लाभार्थी’ हक्कदार ठरतील, असे त्यात आले. बोलीभाषेत यांना ‘बेनिफिशियल नॉमिनी’ म्हणतात. भाऊ, बहीण, पुतण्या, मित्र हे या यादीत नाहीत. त्यांच्यापैकी कोणी नॉमिनी असेल तर तो पूर्वीसारखाच फक्त रक्कम स्वीकारणारा. पॉलिसी जुनी असली तरी रक्कम दुरुस्तीनंतर देय झाली असेल, तर हा नियम लागतो.

आपल्या उदाहरणात नॉमिनी आई आहे. कलमाचे शब्द जसेच्या तसे घेतले, तर दहा लाख पूर्ण आईचे. पत्नीला आणि मुलांना काही नाही. आणि गोष्ट इथे संपत नाही. आईला रक्कम मिळाली आणि पुढे ती मृत्युपत्र न करता गेली, तर ती रक्कम तिच्या वारसांकडे जाईल. तिला हे दोनच मुलगे असतील, तर अर्धा हिस्सा धाकट्या मुलाला आणि अर्धा थोरल्याच्या मुलांना. सुनेचा त्यात वाटा नाही. ज्या पॉलिसीचे हप्ते संसाराच्या पैशातून भरले, तिची अर्धी रक्कम शेवटी दिराकडे आणि पत्नीकडे शून्य. बागायतदाराच्या मनात हे नक्कीच नसेल.

न्यायालयांसमोर अशीच प्रकरणे येतात. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठासमोर २०२५ मध्ये जवळजवळ हेच प्रकरण होते. लग्नाआधी पॉलिसी, नॉमिनी आई, नंतर लग्न आणि मूल, नॉमिनी तोच. न्यायालयाने आई, पत्नी आणि मूल यांना एक-तृतीयांश असा समान हिस्सा दिला. २०१५ ची दुरुस्ती वारसा कायद्यावर मात करत नाही, वारसांनी दावा केला तर नॉमिनीचा हक्क त्यापुढे टिकत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. हा तर्क पावसच्या घराला लावला, तर दहा लाखांचे चार भाग होऊन प्रत्येकाला अडीच लाख मिळतील.

एकाच पॉलिसीवर आईचा वाटा दहा लाख की अडीच लाख, हे कोणते न्यायालय कलमाचा अर्थ कसा लावते यावर अवलंबून राहणे बरे नाही. कायदा करताना ‘लाभार्थी’ हा शब्द वापरला, तर त्याचा परिणाम वारसा कायद्यावर काय होतो ते त्याच कलमात लिहायला हवे होते. संसदेने ते आता तरी स्पष्ट करावे. तोवर विमा कंपनीने दावा मंजूर केला म्हणजे मालकीचा प्रश्न सुटला, असे कोणीही धरून चालू नये.

पत्नी आणि मुलांसाठीच विमा काढायचा असेल, तर एक जुना आणि पक्का मार्ग आहे. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा, १८७४. त्याच्या सहाव्या कलमाखाली काढलेली पॉलिसी पत्नी-मुलांसाठीचा विश्वस्त निधी ठरते. तिला ना इतर वारस हात लावू शकतात, ना सावकार. मात्र हे पॉलिसी काढतानाच लिहून द्यावे लागते आणि नंतर मन बदलले तरी मागे घेता येत नाही.

नवी टक्केवारी आणि जुना गैरसमज

आता पुन्हा त्या चार नॉमिनींच्या सोयीकडे. ठेवीदाराला दोन पर्याय आहेत. एक, सगळे एकाच वेळी नॉमिनी आणि प्रत्येकाचा टक्का ठरलेला, एकूण शंभर. दुसरा, एकामागून एक. म्हणजे पहिला हयात नसेल तर दुसरा. लॉकरसाठी फक्त दुसरा पर्याय आहे.

पहिल्या पर्यायातच खरी अडचण आहे. ‘पत्नी ७० टक्के, भाऊ ३० टक्के’ असे लिहिलेला फॉर्म दिसायला अगदी वाटणीपत्रासारखा दिसतो. पण ती टक्केवारी बँकेसाठी आहे. कोणाच्या हातात किती द्यायचे ते तिला कळावे म्हणून. आठ लाखांवर असा फॉर्म असता, तर बँकेने भावाला दोन लाख चाळीस हजार दिले असते आणि ते त्याला चार वारसांकडे द्यावे लागले असते. बँकिंग कायद्यातली दुरुस्ती नॉमिनींची संख्या वाढवते, नॉमिनीला मालक करत नाही.

म्हणूनच बँकांचा प्रचार अपुरा आहे. ‘नॉमिनी नेमा, कुटुंबाला त्रास वाचवा’ असे फलक शाखाशाखांत लागतात. ते खरे आहे. नॉमिनी नसेल तर वारसांना हमीपत्र, इतर वारसांचे ना-हरकतपत्र असे कागद जमवावे लागतात. व्यापारी बँकेत १५ लाखांपुढच्या आणि सहकारी बँकेत ५ लाखांपुढच्या रकमेसाठी तर न्यायालयातून उत्तराधिकार प्रमाणपत्र आणण्याची वेळ येऊ शकते. पण फलकाचा दुसरा अर्धा भाग कोणी लिहीत नाही. नॉमिनेशन फॉर्मवर सहीच्या वरच ठळक मराठीत एक ओळ छापायला काय हरकत आहे? ‘नॉमिनी रक्कम वारसांच्या वतीने स्वीकारतो, तो त्यामुळे मालक होत नाही.’ टक्केवारीच्या रकान्याखाली तर ही ओळ असायलाच हवी. कर्मचाऱ्यालाही मग ‘नॉमिनीचे नाव सांगा’ एवढ्यावर थांबता येणार नाही.

काय करावे?

खातेदाराने आधी पासबुक आणि ठेवीची पावती काढून पाहावी. नामनिर्देशन नोंदले आहे अशी नोंद त्यावर असली पाहिजे. नाव छापलेले नसेल तर शाखेत विचारून घ्यावे, कारण दहा वर्षांपूर्वी कोणाचे नाव दिले ते बहुतेकांना आठवत नाही. लग्न, मुलाचा जन्म, घटस्फोट किंवा नॉमिनीचा मृत्यू यांपैकी काहीही घडले, की बँक आणि विमा दोन्हीकडचे नाव तपासावे. शक्यतो वारस आणि नॉमिनी एकच असावेत. तसे असेल तर निम्मी भांडणे उभीच राहत नाहीत.

वारसा कायद्यापेक्षा वेगळी वाटणी हवी असेल, तर मृत्युपत्र करावे. साध्या कागदावर चालते, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. त्यात ठेव, खाते आणि पॉलिसी यांचा स्पष्ट उल्लेख हवा आणि ज्यांना काही मिळणार नाही असे दोन साक्षीदार हवेत. बागायतदाराला खरोखरच भावाला दोन लाख द्यायचे असते, तर ते मृत्युपत्रातल्या एका वाक्याने झाले असते. फॉर्मवर नाव लिहून झाले नाही.

आणि नॉमिनीने? रक्कम स्वतःच्या नेहमीच्या खर्चाच्या खात्यात मिसळू नये. ती वेगळी ठेवावी, वारसांना लेखी कळवावे, प्रत्येकाला त्याचा हिस्सा खात्यातूनच द्यावा आणि पोच घ्यावी. आठ लाख उचलणारा भाऊ असे वागला, तर बँकेची रांग आणि कागदपत्रे वहिनीच्या वाट्याला न येता काम होते. नामनिर्देशनाचा कायद्यात सांगितलेला उपयोग एवढाच आहे आणि तो लहान नाही.